कलरीमीटरने टीव्ही लावतोय: BT.1886 चं टार्गेट काल एक, आज दुसरं?

साखरझोप

मंडळी, एका फोटोग्राफर मित्राचा कलरीमीटर थोडे दिवस हाताशी आहे, म्हणून घरचा टीव्ही नीट लावायला घेतलाय. 55 इंची एलईडी, आयपीएस पॅनल, मागे लोकल डिमिंग आहे पण बेताचंच. लॅपटॉपवर एचसीएफआर, एचडीएमआयने पॅटर्न टीव्हीवर. रात्री दिवे बंद करून, टीव्ही तासभर चालवून मग मोजणी. एवढं वाचून केलेलं आहे.

टार्गेट ठेवलं D65 आणि BT.1886. काल शंभर टक्के पांढऱ्यावर 120 निट येत होते. ग्रेस्केल निळसर होता, गेन-ऑफसेटने बराच सरळ केला. गॅमाची रेघ मात्र मला विचित्र वाटली. सगळीकडे 2.4 यायला हवा ना? माझ्याकडे 50 टक्क्यांवर 2.22 आणि 10 टक्क्यांवर चक्क 2.0. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरची टार्गेट रेघसुद्धा तशीच खाली उतरलेली होती, त्यामुळे चूक काहीच दाखवत नव्हतं.

आज परत मोजलं तर टार्गेटची रेघ सपाट 2.4 वर! आणि माझा टीव्ही खालच्या भागात "फार उजळ" म्हणून लाल. आजचे आकडे:

```
   0%    0.000 निट
  10%    1.15     टार्गेट 0.48
  50%    25.3     टार्गेट 22.7
 100%    120
```

टीव्हीत वीस पॉइंटचा मेनू आहे. त्यातले 5, 10 आणि 15 टक्क्यांचे पॉइंट खाली खेचून रेघ 2.4 वर आणावी असा विचार आहे. पण काल ठीक असलेला टीव्ही आज बिघडला कसा? टार्गेट स्वतःच कसं हललं?

विजूमामा

आमच्या वेळी मीटर वगैरे नव्हता. पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डावर सहा प्रीसेट असायचे, तीन कटऑफचे आणि तीन ड्राइव्हचे. सर्व्हिस स्विच दाबला की पडद्यावर एक आडवी रेघ उरायची. तिन्ही रंग त्या रेघेत जेमतेम दिसतील इतपत कटऑफ लावायचे, मग पूर्ण चित्र आणून ड्राइव्हने पांढरा जुळवायचा. डोळ्यानेच. तुमचे ऑफसेट नि गेन म्हणजे तेच कटऑफ आणि ड्राइव्ह.

माझं मत विचाराल तर मीटरवर 6500 केल्व्हिन दिसलं की ग्रेस्केल झाला. गॅमाच्या मागे लागू नका, तो कारखान्यातून येतो तसा राहू द्या.

फ्रेमबाहेर

मी फोटोवाला (साखरझोप यांचा मित्र तो मी नव्हे). मॉनिटर वर्षानुवर्षं 120 निट, D65, गॅमा 2.2 वर लावतो. टीव्हीलाही तेच लावा, 2.2 सपाट. प्रिंट आणि स्क्रीन जुळतात, क्लायंट खूश. हे BT.1886 प्रकरण उगाच डोक्याला ताप आहे.

मोगरा_परांजपे

छान धागा. आमच्याकडे बाबा जुने कृष्णधवल सिनेमे बघतात, त्यांच्यासाठी ग्रेस्केल मोड कुठे असतो? आमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडत नाहीये. सगळे सिनेमे किंचित हिरवट दिसतात.

राखाडी

साखरझोप, थांबा. वीस पॉइंटच्या मेनूला हात लावू नका. टीव्ही बिघडलेला नाही. तुमच्या तक्त्यातली पहिली ओळ बघा: काळा 0.000.

आयपीएस पॅनल पूर्ण काळ्यावर शून्य देऊच शकत नाही. बॅकलाइट चालू असताना त्या पॅनलमधून थोडा उजेड गळतोच. 120 निट पांढऱ्याला साधारण 0.1 निटच्या आसपास काळा मिळायला हवा. शून्य आला याचा अर्थ पडदा पूर्ण काळा झाल्यावर टीव्हीने बॅकलाइटच विझवला, म्हणजे आज लोकल डिमिंग चालू आहे. काल बंद होतं का? की आज लॅपटॉप दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावला? बऱ्याच टीव्हींमध्ये पिक्चरचं सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळं साठवलेलं असतं.

आता टार्गेट का हललं ते. BT.1886 म्हणजे "2.4 ची रेघ" असं नाही. त्याचं सूत्र तुमच्या पांढऱ्या आणि काळ्या, दोन्ही मोजमापांवरून वक्र काढतं:

```
L = a * (V + b)^2.4
a = (Lw^(1/2.4) - Lb^(1/2.4))^2.4
b = Lb^(1/2.4) / (Lw^(1/2.4) - Lb^(1/2.4))
```

Lw तुमचा पांढरा, Lb तुमचा काळा. Lb शून्य टाकला की b शून्य होतो आणि खाली निव्वळ 2.4 उरतो. आज सॉफ्टवेअरने तेच केलं. तुमच्या 120 आणि 0.1 साठी हिशेब केला तर 10 टक्क्यांना 1.20 निट आणि 50 टक्क्यांना 25.7 निट टार्गेट येतं. हे आकडे गॅमाच्या भाषेत लिहिले की 10 ला 2.0 आणि 50 ला 2.22. म्हणजे काल तुम्हाला विचित्र वाटलेली रेघच तुमच्या पॅनलची खरी रेघ होती.

आणि तुम्ही आज मोजलेले 1.15 आणि 25.3 त्या रेघेच्या अगदी जवळ आहेत. टीव्ही कालच्याच जागी आहे.

साखरझोप

अरेच्चा, हो! आज दुसरा पोर्ट. पहिल्या पोर्टला सेट-टॉप बॉक्स परत लावला होता. आजच्या या दुसऱ्या पोर्टवर डिमिंग "मध्यम" आहे. आत्ता बंद करून फक्त काळा मोजला: 0.10.

पण ताई, एक कळलं नाही. निव्वळ 2.4 वर खेचलं असतं तर बिघडलं काय असतं? थोडा गडद दिसला असता एवढंच ना? उलट सिनेमासारखा वाटला असता.

राखाडी

गडद नाही, गायब झाला असता. 5 टक्क्यांची पायरी घ्या. निव्वळ 2.4 ने तिचं टार्गेट 0.09 निट येतं. तुमच्या पॅनलचा काळाच 0.10 आहे. म्हणजे त्याच्या स्वतःच्या काळ्यापेक्षा गडद करडा तुम्ही मागताय. पॅनल तो देणार कुठून? तुम्ही मेनूतला पॉइंट खेचत राहिला असतात, तो तळाला टेकला असता, आणि 5 टक्क्यांच्या खालचं सगळं एकसारखं काळं झालं असतं. रात्रीच्या दृश्यात माणसाचे केस नि मागची भिंत एक होतात ना, ते असं होतं. BT.1886 त्याच पायरीला तुमच्या पॅनलवर 0.47 निट देतो, म्हणजे काळ्यापासून सुटी दिसेल एवढा.

हे सूत्र आयटीयूने 2011 मध्ये काढलं, कारण पिक्चर ट्यूब गेल्या आणि मॉनिटर कसा वागावा हे लिहिलेलंच कुठे नव्हतं. विजूमामांच्या ट्यूबचा स्वभाव जवळपास 2.4 चा होता आणि तो कुणी ठरवला नव्हता, इलेक्ट्रॉन गनच तशी वागायची. कॅमेऱ्याच्या बाजूचा नियम होता, पडद्याच्या बाजूचा गृहीत धरलेला. सपाट पॅनल आल्यावर तो स्वभाव कागदावर उतरवावा लागला.

ओएलईडी असता तर काळा खरोखर शून्य, आणि तिथे BT.1886 म्हणजे निव्वळ 2.4 हे बरोबरच आहे. तुमचा शून्य मात्र बॅकलाइट विझवून आलेला. 10 टक्क्यांचा पॅटर्न लागला की बॅकलाइट परत पेटतो आणि गळती परत येते.

फ्रेमबाहेर

म्हणजे शेवटी 50 ला 2.22 च आला की! मी काय म्हणत होतो?

राखाडी

या पॅनलवर मधल्या भागात तुमचं बरोबर ठरलं. 2.2 सपाट लावला तर 50 टक्क्यांना 26.1 येतो आणि BT.1886 ला 25.7, फरक डोळ्याला कळणारही नाही. फरक खाली आहे. 2.2 सपाट 10 टक्क्यांना 0.76 मागतो, BT.1886 1.20. तुमच्या मॉनिटरचा काळा किती आहे त्यावर ठरेल तुम्हाला सावल्या किती मिळतात. शिवाय मॉनिटरवर तुम्ही फोटो बघता आणि ते sRGB गृहीत धरून बनलेले असतात, म्हणून तिथे 2.2 चालतो. सिनेमा-मालिका ज्या मॉनिटरवर ग्रेड होतात तो BT.1886 वर, साधारण 100 निट पांढरा, खोली जवळजवळ अंधारी.

फ्रेमबाहेर

अंधारी खोली हा कळीचा मुद्दा. माझ्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे. संध्याकाळी पाचला 100 निट नि 2.4 वर काही दिसेल का? लोक टीव्ही बघतात कधी, हेही बघा. दिवसा 200 निट आणि 2.2 वर ठेवला तर काय पाप आहे?

राखाडी

पाप नाही. मीही दिवसा वेगळा मोड वापरते. पण त्याला "संदर्भाप्रमाणे लावलेला" म्हणू नका एवढंच. बॅकलाइट वाढवला की ग्रेस्केल फारसा हलत नाही, त्यामुळे दिवसाचा मोड त्याच आकड्यांवर बांधता येतो.

विजूमामा

मी म्हटलेल्या 6500 बद्दल कुणी बोललंच नाही.

राखाडी

मामा, सर्व्हिस स्विचचा प्रकार वाचून मजा आली, आमच्याकडचा जुना मॉनिटर असाच लावायचे. पण एकट्या केल्व्हिनच्या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा पांढरा पिवळट की निळसर तेवढं सांगतो, हिरवट की गुलाबी ते सांगत नाही. D65 चे दोन आकडे आहेत, x 0.3127 आणि y 0.3290. आता x 0.3105, y 0.345 असा पांढरा मोजला तर सॉफ्टवेअर त्यालाही 6500 च्या जवळपासच दाखवेल. बघाल तर सरळ हिरवट दिसेल. म्हणून x, y बघायचे, नाहीतर लाल-हिरवा-निळ्याच्या तीन पट्ट्या.

मोगरा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ग्रेस्केल हा मोड नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या करड्या पायऱ्या एकाच छटेच्या आहेत का, हे बघण्याला आम्ही ग्रेस्केल म्हणतो. पण बाबांनी नेमकं पकडलंय. कृष्णधवल सिनेमात लपायला दुसरा रंगच नसतो, त्यामुळे टीव्हीचा हिरवटपणा तिथे लगेच उघडा पडतो. मीटर नसेल तर पिक्चर मोड "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" करा आणि रंगाचं तापमान वॉर्म मध्ये सगळ्यात शेवटचं घ्या. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल.

मोगरा_परांजपे

केलं. बाबा म्हणतात पिवळं पडलंय, जुनं वर्तमानपत्र वाटतंय. पण हिरवट गेलं. दोन दिवस कळ काढतो म्हणालेत.

विजूमामा

पिवळं वाटणारच. आपल्याकडचे सेट पहिल्यापासून निळसर पांढऱ्याचे. जपानी कंपन्या 9300 केल्व्हिनवर लावून पाठवायच्या, गिऱ्हाइकाला तोच "स्वच्छ पांढरा" वाटायचा. टिनोपाल घातलेलं धोतर! दुकानात दोन सेट शेजारी ठेवले की निळसर तो विकला जायचा. हिरवट-गुलाबीचा मुद्दा मान्य, आम्ही तो डोळ्याने बघायचो म्हणून आकड्याची गरज पडली नाही.

कोकणकडा

+1, वाचनखूण साठवली. साखरझोप, काल निळसर होता तो सरळ कसा केलात ते लिहा ना. मी मागे प्रयत्न केला होता, 80 टक्के जुळवलं की 30 बिघडायचं, 30 जुळवलं की 80. वैतागून सोडून दिलं.

साखरझोप

लिहितो, चुकलं तर ताई सांगतील. मोड "सिनेमा", वॉर्म शेवटचा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, उजेडाचा सेन्सर, वीजबचत, सगळं बंद. पॅटर्न मधोमध छोटी खिडकी, बाकी काळं.

80 टक्क्यांवर लाल 94, हिरवा 100, निळा 111 होता. हिरव्याला हात लावला नाही. निळ्याचा गेन एकेक करत खाली आणला, उणे 9 वर निळा 101 झाला. मग लाल थोडा वर, अधिक 5, तेव्हा 99. मग 30 टक्क्यांवर गेलो, तिथे निळा 106 होता, ऑफसेट उणे 2. परत 80 वर आलो तर निळा 99 झालेला, गेन एक वर घेतला. असं दोनदा इकडून तिकडे केल्यावर दोन्हीकडे 99 ते 101 मध्ये बसलं. कोकणकडा, दर फेरीत बिघाड आधीपेक्षा कमी होत जातो, तुम्ही बहुधा पहिल्याच फेरीत सोडलंत.

राखाडी

पद्धत बरोबर. हिरव्याला हात लावला नाही हे चांगलं, कारण पांढऱ्याच्या उजेडात जवळजवळ 72 टक्के वाटा हिरव्याचा असतो. तो हलवला की उजेड हलतो आणि गॅमाची सगळी रेघ परत बघावी लागते.

लाल अधिक 5 केलात तिथे माझे कान टवकारले. गेन वर नेला की तो रंग शंभर टक्क्यांच्या आधीच छताला टेकू शकतो. 90, 95 आणि 100 मोजून बघा. 90 ला लाल 99 आणि 100 ला एकदम 93 असं झालं, तर लाल संपलाय. मग लाल शून्यावर आणून त्याऐवजी हिरवा नि निळा खाली घ्यायचा. दहाएक निट जातील, ते बॅकलाइटने परत मिळतात.

साखरझोप

मोजलं. 90 ला 99, 95 ला 98, 100 ला 95.

राखाडी

टेकायला लागलाय. लाल अधिक 2 वर आणा, हिरवा उणे 3, निळा आणखी 3 खाली, आणि मग पुन्हा 100 मोजा. ढगांच्या नि पांढऱ्या शर्टांच्या कडेला जो निळसर-हिरवट डाग दिसतो तो यातूनच येतो.

आणि एक विचारायचं राहिलं. सॉफ्टवेअरमध्ये मीटरसाठी डिस्प्लेचा प्रकार कुठला निवडलात? कलरीमीटरमध्ये रंगीत फिल्टर असतात आणि ते डोळ्याशी हुबेहूब जुळत नाहीत. जुळणीतली चूक बॅकलाइट कोणत्या जातीचा आहे त्यावर बदलते. साधा पांढरा एलईडी, लाल फॉस्फरवाला रुंद रंगांचा, क्वांटम डॉट, ओएलईडी, प्रत्येकाला वेगळी दुरुस्तीची फाइल लागते.

साखरझोप

"एलसीडी, पांढरा एलईडी" होतं, आपोआप आलेलं. खोक्यावर तर "वाइड कलर" लिहिलंय. यादीतून लाल फॉस्फरवाला प्रकार निवडला आणि तोच पॅटर्न, तसाच मीटर ठेवून मोजला: निळा 4 टक्क्यांनी हलला! म्हणजे काल रात्री केलेलं परत करायचं?

राखाडी

हो. आता आकडे आठवायला नको, सगळं शून्यावरून घ्या, लवकर होईल.

फ्रेमबाहेर

पण मग खरं कुठलं मानायचं? फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी टीव्हीवरून बनवलेली. त्याच्या पॅनलचा बॅकलाइट आणि यांचा सारखाच कशावरून?

राखाडी

कशावरूनच नाही. खात्री हवी तर स्पेक्ट्रोमीटरने त्याच पॅनलवर मोजून फाइल बनवावी लागते, आमच्याकडे तसंच करतात. घरी बॅकलाइटच्या जातीची फाइल घेतली तर चूक लहान होते, शून्य होत नाही. म्हणून डेल्टा ई 0.4 आला म्हणून नाचण्यात अर्थ नाही. मीटरची स्वतःची चूक त्याहून मोठी असू शकते.

हडसनकाठ

जर्सीहून नमस्कार. विषय निघालाच आहे म्हणून माझं दुखणं मांडतो. माझा ओएलईडी, मीटरला ओएलईडीचीच फाइल, x 0.3127 y 0.3290 अगदी नाकासमोर. ग्रेस्केलमध्ये सगळीकडे डेल्टा ई 1 च्या आत. पण शेजारी जुना एलसीडी लावला, तोही D65 वर मोजलेला, तर ओएलईडी हिरवट-पिवळट दिसतो. बायकोलाही दिसतो, म्हणजे माझ्या डोळ्यांचा दोष नाही. दोन आकडे सारखे असून दोन पांढरे वेगळे कसे?

राखाडी

तुमचे डोळे ठीक आहेत. x, y काढायला वापरतात तो "सरासरी डोळा" 1931 सालचा आहे, आणि निळ्या टोकाला तो खऱ्या डोळ्याशी नीट जुळत नाही. दोन पडद्यांचे रंगपट वेगळे असले की आकडे जुळूनही डोळ्याला फरक दिसतो. सोनीने आपल्या प्रोफेशनल ओएलईडी मॉनिटरसाठी म्हणूनच सरकवलेला पांढरा सुचवला, x साधारण 0.307 आणि y 0.318. तो ट्यूबच्या मॉनिटरशी जुळतो म्हणून.

घरच्या ओएलईडीला तोच आकडा लावावा का, यावर मात्र एकमत नाही. तुमच्या पॅनलमध्ये पांढरा उपपिक्सेल वेगळा असतो, सोनीच्या त्या मॉनिटरमध्ये नसायचा. माझ्या ओळखीतले काही जण डोळ्याने जुळवतात, म्हणजे विश्वासाचा एलसीडी शेजारी ठेवून, आणि जे x, y येतील तेच टार्गेट धरतात.

हडसनकाठ

म्हणजे शेवटी विजूमामांचीच पद्धत!

विजूमामा

😀 बसा आता.

साखरझोप

परत सगळं केलं, लाल फॉस्फरवाली फाइल, डिमिंग बंद, पहिल्याच पोर्टवर. पांढरा 112 निटवर आला होता, बॅकलाइट दोन घर वाढवून 120 केला. काळा 0.10. 20 ते 100 पर्यंत लाल-निळा 98 ते 102 च्या आत. आकडे:

```
  10%    1.17     टार्गेट 1.20
  20%    3.90     टार्गेट 3.97
  50%    25.4     टार्गेट 25.7
  90%    94.0     टार्गेट 94.5
```

वीस पॉइंटच्या मेनूला हातच लावला नाही. फक्त 5 टक्क्यांना लाल कधी 96, कधी 107. दर वेळी वेगळा. तिथला ऑफसेट एक घर हलवला तर 30 टक्के हलतंय.

राखाडी

5 टक्के सोडून द्या. अर्ध्या निटच्या आसपास साधा कलरीमीटर डळमळतो, आणि तुमचा लाल मागेपुढे नाचतोय म्हणजे तो गोंगाट आहे. एका बाजूला सतत झुकला असता तर टीव्हीची चूक म्हटली असती. मोजणीचा वेळ वाढवून चार-पाच वाचनांची सरासरी घ्या, सरासरीही 106-107 आली तरच विचार करा.

पॅटर्न लॅपटॉपवरून आहेत म्हणून एक तपासणी करा. टीव्हीची एचडीएमआय रेंज आणि लॅपटॉपच्या ड्रायव्हरची रेंज एकच आहे ना? एक 16 ते 235 आणि दुसरा 0 ते 255 असेल तर काळ्याजवळच्या पायऱ्या दबतात किंवा काळा राखाडी होतो, आणि आपण उगाच ऑफसेटला दोष देत बसतो. तुमचा 10 टक्क्यांचा आकडा जागेवर आहे, त्यामुळे बहुधा ठीकच असावं.

साखरझोप

दोन्हीकडे मर्यादित रेंज आहे, बघितलं. सरासरी घेतली तर लाल 101. सोडला.

आता डिमिंग परत चालू करू की बंदच ठेवू? बंद ठेवलं तर रात्री वर-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतात.

राखाडी

डिमिंग बंद ठेवून मोजायचं आणि मग चालू करून बघायचं, असं बरेच जण करतात. पण चालू केल्यावर तुमचा बॅकलाइट दृश्यागणिक हलणार, आणि 10 टक्क्यांचा करडा कधी 1.2 असेल, कधी त्याहून कमी. चालू करून 10 आणि 20 टक्के परत मोजा, एकदा छोट्या खिडकीवर आणि एकदा पूर्ण पडद्यावर. दोन्ही आकडे जवळ असतील तर चालू ठेवा. खूप वेगळे आले तर तुमच्या टीव्हीचं डिमिंग गॅमा मोडतंय, मग पट्ट्या राखाडी चालतात की सावल्या नाचलेल्या चालतात, ते तुम्ही ठरवायचं.

फ्रेमबाहेर

मी बंद ठेवेन.

विजूमामा

मी चालू. काळा काळा दिसला पाहिजे.

कोकणकडा

हे सगळं एचडीआरलाही असंच करायचं का? माझ्याकडे बहुतेक बघणं आता एचडीआरमध्येच.

राखाडी

पांढरा तोच, D65. गॅमा मात्र तिथे नाहीच. एचडीआरचा पीक्यू वक्र थेट निटमध्ये बोलतो, 50 टक्के म्हणजे सुमारे 92 निट, टीव्ही कुठलाही असो. तिथे टीव्ही आपल्या ताकदीपलीकडचा उजेड कसा दाबतो हा सगळा प्रश्न असतो आणि त्याला गेन-ऑफसेटचं उत्तर नाही. वेगळा धागा काढा, तुमच्या टीव्हीचे 50, 65, 75 टक्क्यांचे निट मोजून टाका, बघू.

साखरझोप

डिमिंग चालू करून मोजलं. 20 टक्के: खिडकीवर 3.1, पूर्ण पडद्यावर 3.9. 10 टक्के: खिडकीवर 0.7, पूर्ण पडद्यावर 1.2. बंद ठेवतोय.